मोदकाच्या कळ्या दीड एमबीत: लांब व्हिडिओतल्या चार सेकंदांची जिफ

प्रश्न: आईने उकडीचे मोदक करतानाचा १८ मिनिटांचा व्हिडिओ फोनवर घेतलाय (१९२० बाय १०८०, ३० एफपीएस, फोन स्टँडवर, स्वयंपाकघरात ट्यूब चालू). त्यातली कळ्या पाडायची ६ सेकंदं जिफ करून तिच्या क्लासच्या बायकांना कृतीसोबत मेलमध्ये टाकायची आहेत. ऑनलाइन कन्व्हर्टरने ८०० पिक्सेल रुंदीची २३ एमबीची फाइल दिली आणि तरीही पांढऱ्या उकडीवर डाग दिसतात. दीड एमबीत नीट दिसेल असं करता येईल का? लॅपटॉपवर ffmpeg टाकलेलं आहे, पण त्यातलं फारसं कळत नाही.

उत्तर:

होईल, आणि आईची बोटं नीट दिसतील अशा दर्जात होईल. मी हस्तकला आणि स्वयंपाक शिकवणाऱ्यांसाठी असे छोटे हलते तुकडे करून देते, त्यामुळे तुमच्यासारखी फाइल वरचेवर बघायला मिळते. फाइल प्रचंड मोठी आहे आणि दिसायलाही वाईट आहे, असं दोन्ही एकदम दिसलं की मी आकार आणि दर्जा यांची ओढाताण बाजूला ठेवते. कारण तशा फाइलमध्ये जागा खर्च झालेली असते ती कुणालाच बघायच्या नसलेल्या गोष्टींवर: कॅमेऱ्याची रवाळ खरखर, ट्यूबची लुकलुक, परातीबाहेरचा ओटा. त्या काढल्या की आकार उतरतो आणि त्याच झटक्यात चित्रही सुधारतं. ओढाताण सुरू होते ती त्यानंतर.

जिफ कशी साठवली जाते हे थोडं सांगते, म्हणजे पुढच्या आज्ञेतला प्रत्येक शब्द तिथे का आहे ते कळेल. जिफ १९८७ सालची आहे. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग, आणि प्रत्येक पिक्सेल म्हणजे त्या रंगपेटीतला एक क्रमांक. हे क्रमांक डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ वाचले जातात आणि जी माळ आधी येऊन गेली ती पुन्हा आली की तिच्याऐवजी एक छोटी खूण लिहिली जाते. सगळं आकुंचन एवढंच. एमपी४ मध्ये असते तशी 'हा हात इथून चार पिक्सेल उजवीकडे सरकला' अशी भाषा जिफला येत नाही. तिला फक्त दोन गोष्टी स्वस्तात पडतात: चित्रात तेच ते पुन्हा येणं, आणि मागच्या चित्रातला भाग जसाच्या तसा राहणं. दुसऱ्या प्रकारात तो भाग पारदर्शक ठेवला जातो किंवा नव्या चित्राच्या चौकटीतून वगळलाच जातो.

आता परातीचा कोपरा बघा. आपल्या डोळ्याला तो स्थिर आहे. पण फोनच्या सेन्सरवर कमी प्रकाशात खरखर येते, आणि त्या कोपऱ्यातला प्रत्येक पिक्सेल दर चित्रात एखाद्या छटेने इकडेतिकडे होतो. जिफच्या दृष्टीने तिथे काहीच 'तसंच' राहिलं नाही आणि काहीच 'पुन्हा' आलं नाही. तुमच्या २३ एमबीतला मोठा वाटा या कोपऱ्यांचा असणार.

कुठलीही जिफ करण्याआधी मी एक गणित मांडते. एक पिक्सेल म्हणजे फार तर एक बाइट, म्हणून रुंदी गुणिले उंची गुणिले चित्रांची संख्या ही कमाल मर्यादा धरायची. तुमच्या कन्व्हर्टरने ८०० बाय ४५० ठेवलं, सेकंदाला ३० चित्रं, ६ सेकंदं, म्हणजे १८० चित्रं. गुणाकार येतो ६ कोटी ४८ लाख, साधारण ६५ एमबी. त्याची २३ एमबी झाली, म्हणजे सुमारे तिसरा हिस्सा. खरखरीच्या व्हिडिओला असंच प्रमाण पडतं. दीड एमबी हवी असेल आणि प्रमाण तिसऱ्या हिश्श्याचंच राहणार असेल, तर कमाल मर्यादा साडेचार-पाच एमबीपर्यंत खाली आणायला हवी. प्रमाण चौथ्या हिश्श्यावर आणलं, तर सहा एमबीपर्यंतही चालेल. आधी मर्यादा खाली आणू, मग प्रमाण सुधारू.

पहिली कात्री वेळेवर. ६ सेकंदांची ४ केलीत की तिसरा भाग सरळ गेला, आणि चार सेकंदांत तीन-चार कळ्या होतात. त्यापेक्षा जास्त बघून शिकणाऱ्याला नवीन काही मिळत नाही. नेमकी सुरुवात शोधायला mpv सारखा प्लेअर घ्या. त्यात `.` दाबलं की एक चित्र पुढे आणि `,` दाबलं की एक चित्र मागे जातं. सुरुवात अशा जागी धरा जिथे अंगठा आणि पहिलं बोट उकडीच्या पारीची कड चिमटीत धरायला निघालंय आणि आधीच्या एक-दोन कळ्या स्पष्ट दिसताहेत. पहिलं चित्र मी इतकं जपून निवडते त्याला कारण आहे: विंडोजवरच्या बऱ्याच जुन्या आउटलुकमध्ये जिफ हलतच नाही, फक्त पहिलं चित्र दिसतं. क्लासमधल्या कुणी ऑफिसच्या संगणकावर मेल उघडली, तर तिला निदान कळी कशी धरतात ते दिसावं.

जिफ पुन्हा पुन्हा फिरते, तेव्हा शेवटाकडून सुरुवातीकडे उडी येणारच. तुमच्या बाबतीत ती लपवता येत नाही, कारण शेवटी कळ्या जास्त असतात आणि सुरुवातीला कमी. काही जण तुकडा उलटा जोडून पुढे-मागे फिरवतात. इथे ते करू नका, पाडलेल्या कळ्या उलगडताना दिसल्या तर नवशिक्या माणसाचा गोंधळच होईल. त्यापेक्षा शेवटचं चित्र सेकंदभर थांबू द्या. जिफमध्ये प्रत्येक चित्र किती वेळ दाखवायचं हा नुसता एक आकडा असतो, त्यामुळे ही थांबण्याची सोय फुकटात मिळते.

दुसरी कात्री चौकटीवर, आणि सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. कन्व्हर्टर पूर्ण चित्र लहान करतो, म्हणजे ओटा, गॅसची शेगडी, भिंत सगळंच लहान होतं आणि मोदकही बारीक होतो. म्हणून लोक रुंदी ८०० ठेवतात. त्याऐवजी मूळ चित्रातून फक्त हात आणि मोदक एवढा चौकोन कापा. मी ९०० बाय ९०० धरून चालते. तुमच्या व्हिडिओत हात कुठे आहेत त्यावर आकडे बदलतील. `crop` मध्ये क्रम असा: रुंदी, उंची, डावीकडून किती आत, वरून किती खाली. जिफ करण्याआधी एकच चित्र काढून चौकोन तपासा. `modak.mp4` च्या जागी तुमच्या फाइलचं नाव आणि `-ss` पुढे तुमच्या तुकड्यातली वेळ लिहा:

```
ffmpeg -ss 00:11:44 -i modak.mp4 -frames:v 1 -vf "crop=900:900:510:120" test.png
```

test.png उघडा, कोपर कापलं गेलं तरी हरकत नाही, पण चारही सेकंदांत बोटं चौकोनाबाहेर जाता कामा नयेत. सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन चित्रं काढून बघितलेली बरी. मग हा ९०० चा चौकोन ३६० वर आणायचा. कन्व्हर्टरच्या ८०० रुंदीच्या चित्रात हाच चौकोन ३७५ पिक्सेलचा होता. म्हणजे ३६० वर मोदक जवळजवळ तेवढाच मोठा दिसेल, पण चित्रातले पिक्सेल ३ लाख ६० हजारांवरून १ लाख २९ हजार ६०० वर येतील. रुंदी कमी करताना लक्षात ठेवा, आकार रुंदीच्या वर्गाच्या हिशोबाने उतरतो. ३६० चे ३०० केले, तर तीस टक्के पिक्सेल जातात.

तिसरी गोष्ट सेकंदाला किती चित्रं, आणि इथे ट्यूबचा संबंध येतो. याच ठिकाणी बहुतेक सल्ले तोकडे पडतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जिफमध्ये चित्राची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि ती पूर्णांकच असते. ४ शतांश म्हणजे २५ एफपीएस, ५ म्हणजे २०, ८ म्हणजे साडेबारा, १० म्हणजे १०. नेमके ३० किंवा १५ एफपीएस जिफमध्ये बसतच नाहीत. १५ मागितले तर काही चित्रं ६ शतांशाची आणि काही ७ ची अशी वाटणी होते. ती डोळ्याला फारशी खुपत नाही, पण मूळ ३० एफपीएसमधून साडेबारा काढायला गेलात तर वेगळीच अडचण येते. कधी दोन चित्रं पुढे जायचं, कधी तीन, आणि बोटांची हालचाल अडखळल्यासारखी दिसते. ३० मधून १० काढताना मात्र बरोबर दर तिसरं चित्र उचललं जातं आणि प्रत्येक चित्र बरोबर १० शतांश टिकतं. दोन्ही हिशोब जुळतात.

ट्यूबसाठी तर १० हा आकडा फारच सोयीचा आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि प्रकाशाची तीव्रता प्रत्येक आवर्तनात दोनदा कमी-जास्त होते, म्हणजे साध्या चोकवाली ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते जाणवत नाही. फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो. १०० ला ३० ने भाग जात नाही, म्हणून प्रत्येक चित्र लुकलुकीच्या वेगळ्या टप्प्यावर पडतं आणि चित्रावर आडवे फिकट-गडद पट्टे सरकताना दिसतात. तीन चित्रांत मात्र लुकलुक बरोबर दहा वेळा होते, म्हणजे चौथं चित्र पुन्हा पहिल्याच टप्प्यावर येतं. म्हणून दर तिसरं चित्र घेतलंत की सगळी चित्रं एकाच उजेडातली मिळतात आणि पट्टे जागच्या जागी थांबतात. फोन काटेकोर ३० चित्रं घेत नाही आणि वीजही काटेकोर ५० वर नसते, त्यामुळे पट्टे अगदी हळू सरकतील, पण चार सेकंदांत ते फारसं कळत नाही. उलट १५ एफपीएस घेतलेत तर दर दुसरं चित्र येतं आणि लुकलुक पूर्ण जोमाने जिफमध्ये उतरते. मग अख्ख्या परातीचा उजेड दर चित्रात बदलतो आणि 'मागच्या चित्रासारखंच' असं काहीच उरत नाही.

तुमच्याकडे हे होतंय का ते बघायला mpv मध्ये `.` दाबत दहा-बारा चित्रं पुढे जा आणि नजर बोटांवर न ठेवता परातीच्या काठावर ठेवा. उजेड तीन-तीन चित्रांनी तोच परत येत असेल, तर ट्यूबच. काहीच हलत नसेल, तर फोनने शटरची वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद धरून स्वतःच ते टाळलंय, आणि मग १० ऐवजी १५ घ्यायची मुभा तुम्हाला आहे. व्हिडिओ २५ एफपीएसचा असता तर हा त्रासच नसता, कारण १०० ला २५ ने पूर्ण भाग जातो. तेव्हा साडेबारा घेतलं असतं, दर दुसरं चित्र आणि ८ शतांश.

कळ्या पाडण्याला १० एफपीएस पुरतात का? पुरतात. चिमूट धरणं, ओढणं, सोडणं हे सावकाश काम आहे. विळीवर कांदा चिरणं असतं तर मी १० ला तयार झाले नसते.

आता मर्यादा पुन्हा मोजा: ३६० बाय ३६०, ४० चित्रं, गुणाकार ५१ लाख ८४ हजार. ६५ एमबीची ५.२ झाली, म्हणजे साडेबारा पट कमी. प्रत्यक्ष फाइल मात्र तितक्याच पटीने उतरेल असं धरू नका. चित्रं कमी केली की दोन चित्रांमधला फरक वाढतो, त्यामुळे एफपीएस निम्मे केल्याने आकार निम्मा होत नाही, थोडा जास्तच राहतो.

मग उकडीवरचे डाग. ते रंगपेटीमुळे येतात. ffmpeg ला नुसतं 'जिफ कर' म्हटलं, तर तो एक ठरावीक पेटी वापरतो: लाल रंगाच्या ८ पायऱ्या, हिरव्याच्या ८ आणि निळ्याच्या फक्त ४. उकडीचा पांढरा रंग म्हणजे दुधी, करडा, किंचित पिवळसर अशा डझनावारी जवळजवळच्या छटा. या पेटीत त्या नाहीतच, म्हणून उकड कुठे निळसर तर कुठे पिवळी पडते. तुमच्या कन्व्हर्टरने असंच काहीतरी केलं असणार. उपाय असा, की आधी तुमचाच तुकडा वाचून त्याला लागणाऱ्या छटांची पेटी तयार करायची (`palettegen`) आणि मग तीच वापरायची (`paletteuse`). तुमच्या चित्रात उकड, हातांचा रंग, स्टीलची परात आणि बांगड्या एवढंच आहे. त्याला २५६ रंग भरपूर होतात.

`palettegen` ला `stats_mode=diff` दिलं, तर मागच्या चित्रापेक्षा जे बदललं त्याच रंगांना तो जास्त मान देतो. तुमच्याकडे नजर हातांवर आणि उकडीवरच जाणार, म्हणून हे योग्य. परातीखाली हिरवं केळीचं पान किंवा शेजारी कुंकवाचा करंडा असेल, तर मात्र त्या न हलणाऱ्या वस्तूंचे रंग उतरलेले दिसू शकतात. तसं झालं तर `diff` काढून `full` लिहा आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघा.

पेटीत नसलेली छटा दाखवायला दोन जवळचे रंग ठिपक्यांनी मिसळतात. ffmpeg आपण होऊन वापरतो ती ठिपक्यांची पद्धत एका पिक्सेलची चूक शेजारच्या पिक्सेलवर ढकलत जाते. स्थिर फोटोला ती सुंदर दिसते, पण हलत्या चित्रात एका कोपऱ्यात काही बदललं की पुढचे सगळे ठिपके जागा बदलतात आणि उकडीवर मुंग्या चालल्यासारखं होतं. डोळ्याला त्रास, आकारालाही त्रास. म्हणून मी `bayer` घेते. त्यात ठिपक्यांची जागा ठरलेली असते, रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखी. जो भाग हलला नाही, त्याचे ठिपकेही हलत नाहीत. `bayer_scale` ० ते ५ असतं: आकडा लहान तर जाळी ठळक पण छटा मऊ, आकडा मोठा तर जाळी पुसट पण उकडीवर पायऱ्या दिसण्याची शक्यता. पांढऱ्या, गोलसर वस्तूला मी ३ पासून सुरू करते.

आता सगळं एकत्र. `-ss` पुढे तुकड्याची सुरुवात आणि `-t` पुढे किती सेकंदं घ्यायची ते:

```
ffmpeg -ss 00:11:42.3 -t 4 -i modak.mp4 -vf "fps=10,crop=900:900:510:120,scale=360:360:flags=lanczos,hqdn3d=2:2:6:6,split[a][b];[a]palettegen=stats_mode=diff[p];[b][p]paletteuse=dither=bayer:bayer_scale=3:diff_mode=rectangle" -final_delay 100 modak.gif
```

यातला `hqdn3d` खरखर काढतो. पहिले दोन आकडे चित्रातल्या चित्रात किती गुळगुळीत करायचं ते सांगतात. ते मी लहान ठेवते, नाहीतर कळ्यांच्या कडा बोथट होतात आणि मग जिफचा उपयोगच संपतो. पुढचे दोन आकडे एका चित्राकडून पुढच्याकडे जाताना होणारा बारीक थरथराट दाबतात, आणि परात शांत करण्याचं काम तेच करतात. बोटांच्या मोठ्या हालचालीला तो फारसा हात लावत नाही. हलणाऱ्या बोटामागे सावली रेंगाळताना दिसली, तर शेवटचे दोन आकडे ६ चे ४ करा. `final_delay` मधले १०० म्हणजे शेवटच्या चित्राचा एक सेकंद.

आज्ञेतला एक क्रम जसाच्या तसा पाळा: `-ss` आणि `-t` दोन्ही `-i` च्या आधी. सुरुवातीच्या काळात मी `-t` शेवटी लिहायचे. एकदा तासाभराच्या व्याख्यानातली पाच सेकंदं काढताना लॅपटॉपची मेमरी भरून तो गोठला. कारण नंतर कळलं. रंगपेटी बनवणारा फिल्टर व्हिडिओ संपेपर्यंत पेटी देत नाही, आणि `-t` मागे असेल तर त्याच्या दृष्टीने व्हिडिओ पाच सेकंदांनी संपतच नाही. तो उरलेला सगळा व्हिडिओ वाचत बसतो आणि तोवरची चित्रं मेमरीत साठत जातात. तुमच्या १८ मिनिटांत लॅपटॉप कदाचित तग धरेल, पण पेटी मग मोदक सारणापासून ताटात वाढेपर्यंतच्या सगळ्या रंगांची बनेल आणि उकडीच्या वाट्याला कमी छटा येतील. अशीच दुसरी चूक `-to` ची. `-ss` आधी आणि `-to 00:11:46` शेवटी लिहिलंत, तर घड्याळ शून्यापासून सुरू झालेलं असतं आणि चार सेकंदांऐवजी मिळेल तेवढा पुढचा सगळा व्हिडिओ घेतला जातो. `-t` आणि सेकंदांची संख्या, हेच सोपं.

तसंच, आधी `-c copy` ने तुकडा कापून मग त्याची जिफ करण्याच्या भानगडीत पडू नका. तसं कापताना सुरुवात जवळच्या मुख्य चित्रावर सरकते आणि तुम्ही जपून निवडलेलं पहिलं चित्र हुकतं. वरच्या आज्ञेत चित्र पुन्हा घडवलं जातं, त्यामुळे सुरुवात नेमकी मिळते.

फाइल तयार झाली की आकार बघा. दीड एमबीच्या आत आली तर थांबा. नाही आली, तर लगेच दर्जा कापू नका. आधी जागा कुठे जातेय ते शोधा. त्यासाठी gifsicle नावाचं छोटं साधन आहे:

```
gifsicle --info modak.gif
```

हे प्रत्येक चित्राची चौकट किती मोठी आणि कुठे आहे ते छापतं. बहुतेक ओळींत २४० बाय २१० च्या आसपास काहीतरी दिसलं, तर फक्त हातांचा भाग साठवला जातोय, म्हणजे सगळं ठीक. ४० च्या ४० ओळींत 360x360 असेल, तर कोपऱ्यांत अजून काहीतरी बदलतंय. बऱ्याचदा एखाद्या कोपऱ्यातला चुकार पिक्सेल चौकट ताणतो, तेवढ्याने आकार फार वाढत नाही. पण त्यासोबत फाइलही मोठी असेल, तर तीनपैकी एक गोष्ट असते. खरखर उरली असेल तर `hqdn3d` चे शेवटचे दोन आकडे ८ पर्यंत नेऊन बघा. ट्यूब असेल तर एफपीएस खरंच १० आहे ना ते तपासा. आणि हात जवळ आल्यावर फोनने आपणहून उजेड जुळवून घेतला असेल, म्हणजे उकड मध्येच थोडी गडद होऊन परत उजळत असेल, तर त्यावर नंतर करण्यासारखं फार काही नाही. १८ मिनिटांत आईने बरेच मोदक केले असतील. ज्यात उजेड स्थिर आहे असा दुसरा मोदक निवडा. पुढच्या वेळी शूटिंग करताना फोनच्या पडद्यावर उकडीवर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतात.

असाच एक तुकडा मी करंजीला मुरड घालण्याचा केला होता. स्टीलची परात, डोक्यावर ट्यूब, फोन स्टँडवर, अगदी याच मापाची जिफ. खरखर न काढता आणि ठिपक्यांची नेहमीची पद्धत ठेवून ती अडीच एमबीच्या आसपास गेली. वरच्या पद्धतीने सव्वा-दीडच्या मध्ये बसली, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर लहान फाइलच जास्त स्वच्छ दिसत होती, कारण मोठीत पीठ सतत वळवळत होतं.

हे सगळं करूनही फाइल १.८ वर अडली, तर मात्र खरी ओढाताण सुरू. माझा क्रम असा: आधी अर्धा सेकंद कमी करता येतो का बघते, मग रुंदी ३६० ची ३२० करते. रंग कमी करणं मी शेवटी ठेवते. २५६ चे १२८ केले म्हणजे फाइल निम्मी होईल असं वाटतं, पण प्रत्येक पिक्सेलमागे आठातला एकच बिट वाचतो, आणि त्याची किंमत नेमकी उकडीच्या मऊ छटांना मोजावी लागते. बांगड्यांचे रंग टिकतात, कळ्यांमधली सावली जाते. आणि कळी दिसते ती त्या सावलीमुळेच.

रंगांपेक्षा gifsicle ची हानी पत्करणारी पद्धत बरी:

```
gifsicle -O3 --lossy=40 modak.gif -o modak2.gif
```

ही पिक्सेल किंचित बदलून आधी येऊन गेलेल्या माळेशी जुळवते, म्हणजे जिफला जे स्वस्त पडतं तेच वाढवते. ४० ला फरक शोधावा लागतो. ८० च्या पुढे पांढऱ्या भागावर आडव्या बारीक रेघा आणि चुरा दिसू लागतो. तपासताना जिफ मोठी करून बघू नका, ज्या मापात मेलमध्ये दिसणार त्याच मापात फोनवर बघा आणि नजर उकडीच्या सावलीच्या बाजूवर ठेवा. बिघाड आधी तिथेच दिसतो.

दीड एमबी ही मर्यादा तुम्ही कशावरून धरली माहीत नाही, पण मेलला जोडलेली फाइल पाठवताना अक्षरांत बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. दीडची दोन होते. मेल सेवेने २ एमबीची अट घातली असेल, तर तुमचा दीडचा आकडा अगदी काठावर आहे, १.४ धरा.

हाच तुकडा क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकायचा असेल, तर तिथे ही जिफ टाकू नका. व्हॉट्सॲप जिफचा आतून व्हिडिओच करतो, म्हणजे आधी २५६ रंगांत उतरवलेलं चित्र पुन्हा दाबलं जाईल. तिथे मूळ व्हिडिओच पाठवा. पाठवण्याआधी तो कापून ६ सेकंदांच्या आत आणलात की वरच 'GIF' चं बटण दिसतं, ते दाबायचं. वेबपानावर टाकायचं असेल तरी आवाज बंद ठेवून आपोआप फिरणारा एमपी४ तितक्याच आकारात कितीतरी स्वच्छ दिसतो. जिफची खरी गरज मेललाच आहे, कारण बऱ्याच मेलपेटीत व्हिडिओ जागच्या जागी चालत नाही.

आणि एक तपासून घ्या: फोनमध्ये एचडीआर चालू असताना व्हिडिओ घेतला असेल, तर जिफमध्ये सगळे रंग धुतल्यासारखे फिकट येतील, उकड आणि हात दोन्ही राखाडी. तसं दिसलं तर वरच्या आकड्यांशी खेळत बसू नका, त्याचा उपाय वेगळा आहे. `ffmpeg -i modak.mp4` एवढंच लिहून जो मजकूर छापला जातो, त्यातली `Video:` हा शब्द असलेली ओळ इथे टाका. त्यात `arib-std-b67` किंवा `smpte2084` असं काही असेल, तर त्यासाठीचा फिल्टर तुमच्या फाइलप्रमाणे लिहून देते.